कथेतली फेरफार नोटीस : गुरुजींची मुदत नेमकी कुठे चुकायला हवी?

गिरणाकाठ
एक लघुकथा लिहायला घेतली आहे. गाव पारोळा तालुक्यातलं, कोरडवाहू, साल २०२५, महिना जून. धनराज गुरुजी, वय ७३, जिल्हा परिषदेच्या शाळेतून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त. वडिलोपार्जित गट नंबर २१७, क्षेत्र २ हेक्टर ४० आर. गुरुजी, त्यांचा मोठा भाऊ आणि बहीण यांच्या नावावर सारख्या हिश्श्याने. मोठा भाऊ वारला. त्याच्या दोन मुलांनी वारस नोंदीचा अर्ज केला, त्यात आईचं आणि स्वतःची नावं टाकली. लग्न होऊन सुरतेला गेलेल्या त्यांच्या सख्ख्या बहिणीचं, म्हणजे गुरुजींच्या पुतणीचं, नाव गाळलं. गुरुजींना फेरफाराची नोटीस येते. पुतणीचं नाव नाही हे त्यांच्या लक्षात येतं, हरकत घ्यायचं ते ठरवतात, पण मुदत वाचण्यात चूक करतात. शेजारच्या सुमनजिजींची नात चेतना, नुकतीच दहावी झालेली, ती चूक पकडते.

आत्ताचा मसुदा असा :

"गुरुजींनी चष्मा पुसून नोटीस पुन्हा वाचली. शेवटची तारीख २८ जून. अजून दहा दिवस होते. चेतनाने कागद उजेडाकडे धरला. 'आबा, हा दोन नाही, एक आहे. अठरा जून. म्हणजे आज!' गुरुजी मटकन खाली बसले. आता जमीन गेली."

महसुलातलं कळणाऱ्यांनी सांगावं, हे टिकतं का? भाषेबद्दल नंतर बोलू.

सहा_अ
टिकत नाही, आणि तीन ठिकाणी टिकत नाही.

पहिलं म्हणजे फेरफाराच्या नोटिशीत शेवटची तारीख आकड्यात असेल असं धरून तुम्ही सगळं उभं केलं आहे. नोटिशीत वाक्य असतं : हरकत असल्यास ही नोटीस मिळाल्यापासून १५ दिवसांच्या आत कळवा. तारीख ज्याची त्याने काढायची असते. म्हणजे आकडा चुकीचा वाचण्याची जागाच नाही. शिवाय हल्ली नोटीस संगणकावरून छापून येते. एक-दोनचा घोळ हस्ताक्षरात शोभतो, छापील कागदात नाही.

दुसरं, ज्याने चाळीस वर्षं हजेरीपट लिहिला तो आकडा चुकेल हे वाचकाला पटणार नाही. तो मोजणीचा आरंभ चुकू शकतो. तिथे सगळेच चुकतात.

तिसरं, 'आता जमीन गेली' हे वाक्य काढा. फेरफाराने कुणाची मालकी जात नाही. त्यावर नंतर लिहितो.

पांढरं_सोनं
निवृत्त शिक्षक आणि मुदत म्हटलं की हयातीचा दाखला आलाच की. नोव्हेंबरात द्यायचा असतो, नाही दिला तर पुढे पेन्शन अडकते. आमच्या वडिलांचं मागच्या वर्षी बोटाचा ठसाच उमटेना, मग चेहऱ्यावरून केलं. तुमच्या गुरुजींना बँकेची नोटीस दाखवा, सोपं पडेल. ती चेतना मोबाइलवर पाच मिनिटांत करून देईल.

गिरणाकाठ
दादा, ही जमिनीची नोटीस आहे. जून महिना आहे, नोव्हेंबर नाही.

पांढरं_सोनं
बरं बरं. मथळ्यातलं 'गुरुजी' आणि 'मुदत' एवढंच वाचलं होतं. चालू द्या.

बांधावरून
सहा_अ यांच्याशी सहमत, पण मुदत नोटिशीवर वर जी तारीख छापलेली असते तिच्यापासून मोजतात. तलाठी आप्पा त्याच दिवशी ती काढतो ना. म्हणजे २ जूनची नोटीस असेल तर १७ जूनला खेळ खलास. सोळाव्या दिवशी सर्कल नोंद प्रमाणित करतो आणि मग कोर्टाशिवाय इलाज नाही. तुम्ही गुरुजींना १८ तारखेला जागे करा, म्हणजे एक दिवस उशीर. जास्त करुण होईल.

सहा_अ
यातलं अर्धं बरोबर आहे. सोळाव्या दिवसापासून मंडळ अधिकाऱ्याचा हात मोकळा होतो, हे खरं. बाकी दुरुस्त करतो.

कागदाभोवती तीन तारखा फिरतात. एक, फेरफार नोंदवहीत म्हणजे गाव नमुना ६ मध्ये नोंद घेतल्याची. दुसरी, नोटीस काढल्याची. हीच वर छापलेली असते. तिसरी, नोटीस हातात पडल्याची. पंधरा दिवस तिसरीपासून सुरू होतात. आणि गंमत अशी की तिसरी तारीख गुरुजींकडच्या कागदावर असेलच असं नाही. कोतवाल दोन प्रती आणतो. एकीवर सही-तारीख घेऊन ती परत नेतो, दुसरी घरात ठेवतो. तारीख लिहिलेली प्रत तलाठी कार्यालयात, आणि घरातली प्रत कोरी. कथेला हवी ती फट इथे आहे.

मोजायचं कसं : ज्या दिवशी मिळाली तो दिवस सोडायचा. ४ जूनला मिळाली असेल तर ५ जून हा पहिला दिवस, १९ जून हा पंधरावा. शेवटचा दिवस सुटीचा आला तर पुढचा कामाचा दिवस धरतात. २०२५ साली १९ जूनला गुरुवार होता, त्यामुळे तो प्रश्न येत नाही.

आणि मुदत संपली म्हणून नोंद आपोआप पक्की होत नाही. मंडळ अधिकाऱ्याने प्रमाणित केली तरच होते. जूनमध्ये पीककर्जासाठी उताऱ्यांची झुंबड असते, तेव्हा पंधरा दिवस उलटूनही नोंद तशीच पडलेली असते असं पुष्कळदा होतं. उशिरा लक्षात आलं तर घरी बसून न राहता त्याच दिवशी जाऊन विचारायचं, नोंद प्रमाणित झाली का. नसेल झाली तर हरकत लेखी द्यायचीच. झाली असेल तर प्रांताकडे अपील, साठ दिवसांत. कोर्ट फार पुढची गोष्ट.

वहिवाट
अपिलाबद्दल एक भर. साठ दिवस उलटले तरी विलंब माफीचा अर्ज अपिलासोबत देता येतो. मात्र विलंबाचं कारण पटवावं लागतं, आणि 'मला मोजता आलं नाही' हे दुबळं कारण. निवृत्त मुख्याध्यापकाच्या तोंडी तर फारच दुबळं.

'जमीन गेली' बद्दल : हिंदू उत्तराधिकार कायद्याने मृत पुरुषाची विधवा, मुलगे आणि मुली सगळे पहिल्या वर्गातले वारस, सारख्या हिश्श्याचे. (आई हयात असेल तर तीही. गुरुजीच ७३ चे, तेव्हा इथे सोडून देऊ.) सातबाऱ्यावर नाव नाही म्हणून पुतणीचा हिस्सा बुडत नाही. मोठ्या भावाचा तिसरा हिस्सा ८० आर. वारस चार, म्हणजे प्रत्येकी २० आर. तिला गाळलं तर तिघांत साधारण २६.६७ आर दिसतील. धोका पुढे आहे. भावांनी त्या उताऱ्यावर विक्री केली, बोजा चढवला, की तिला दिवाणी दावा लावून वर्षानुवर्षं हेलपाटे. गुरुजींच्या मनात भीती असायची तर ती हेलपाट्यांची. मटकन बसणं वगैरे नको.

रानमाळ
महसूल मला कळत नाही, कथा थोडीफार कळते. सहा_अ यांनी तिसऱ्या तारखेचं जे सांगितलं ते सोन्यासारखं आहे. नोटीस घरी कुणी घेतली? गुरुजींनी नसेलच. दुपारी सुनेने घेतली, सही केली, टीव्हीखालच्या कप्प्यात ठेवली, विसरली. गुरुजींच्या हाती आठवड्याने पडली. आणि ते मोजायला लागले हातात पडल्या क्षणापासून. का? तर जन्मभर त्यांनी पोरांना तेच सांगितलं : पेपर हातात पडल्यापासून तीन तास. त्यांच्या लेखी वेळ सुरू होते ती कागद डोळ्यांपुढे आल्यावर. म्हणजे चूक त्यांच्या स्वभावातून आली. म्हाताऱ्याची नजर अधू करून ती घडवायची गरज नाही.

आणि कृपा करून त्या पोरीला मोबाइलवाली जादूगार करू नका. तसल्या नाती कथांमध्ये खंडीभर झाल्या.

गिरणाकाठ
वा. हे धरतो. मग हिशेब असा : नोटिशीवर छापलेली तारीख २ जून. कोतवाल ४ जूनला, बुधवारी आला, सून वैशालीने सही केली. गुरुजींना कागद सापडला १२ जूनला. 'मिळाल्यापासून १५ दिवस' वाचून त्यांनी काढली २७ जून. खरी शेवटची तारीख १९ जून. चेतना येते १८ जूनला, बुधवारी संध्याकाळी. म्हणजे हातात एकच दिवस.

पण चेतनाला ४ तारीख कळणार कशी? घरातली प्रत कोरी म्हणालात.

बांधावरून
माझं १७ तारखेचं मागे घेतो. मिळाल्यापासूनच आहे खरं, आत्ता एक जुनी नोटीस काढून वाचली.

चेतनाला आपली चावडीवर दिसेल. महाभूमीच्या साइटवर 'आपली चावडी' आहे. जिल्हा, तालुका, गाव निवडायचं, चित्रातली अक्षरं भरायची, की गावातले चालू फेरफार रांगेत येतात. फेरफार क्रमांक, प्रकार, दिनांक, हरकत नोंदवण्याची शेवटची तारीख, गट क्रमांक, आणि शेवटी 'पहा'. लॉगिन नाही, पैसे नाहीत. तिथून तारीख घ्या, कथा संपली.

सहा_अ
तो तक्ता बरोबर सांगितलात. जुन्या काळी चावडीच्या भिंतीवर फेरफाराची नक्कल डकवायचे. कायद्याने ती डकवायची असतेच. तिचंच हे रूप. गावाबाहेर राहणाऱ्यांना याचा खरा उपयोग. सुरतेची पुतणी महिन्यातून एकदा जरी आपल्या गावाचं पान उघडून गट २१७ शोधत असती तरी नोटिशीची वाट बघावी लागली नसती. गट क्रमांक आणि 'वारस' हा प्रकार दिसला की 'पहा' दाबायचं. नावं आत असतात.

पण तेवढ्या एका तारखेवर कथा टेकवू नका. पडद्यावरची तारीख गावासाठी एक. नोटिसा मात्र दहा जणांना दहा वेगळ्या दिवशी मिळतात. दोन्ही जुळतीलच असं नाही. व्यवहारात एक साधा नियम : दोन तारखा निघाल्या तर अलीकडची, म्हणजे आधी येणारी, धरायची. पडद्यावर पलीकडची दिसते म्हणून निवांत बसायचं नाही, आणि अलीकडची हुकली म्हणून 'आपल्याला नोटीस उशिरा मिळाली' हे म्हणणं सोडायचंही नाही.

रानमाळ
म्हणजे चेतनाने माणसाला विचारलं पाहिजे, मोबाइल नंतर. सुनेला विचारावं. वैशालीला तारीख आठवणार नाही, पण वार आठवेल, सण आठवेल. त्या वर्षी वटपौर्णिमा कधी होती?

गिरणाकाठ
१० जून, मंगळवार.

रानमाळ
झालं तर मग. "वटपौर्णिमेच्या आदल्या आठवड्यात, बाजाराच्या आदल्या दिवशी." गावचा बाजार गुरुवारी ठेवा. बुधवार म्हणजे ४ तारीख. पोरगी बोटांवर मोजेल. मग तिने मोबाइल काढला तरी वाचकाला खटकणार नाही. तिथे ती स्वतःचा हिशेब पडताळून पाहतेय.

वहिवाट
एक खोच. नोटीस गुरुजींच्या नावाची आणि सही सुनेची. ती बजावणी धरायची की नाही, यावर वाद घालता येतो. गुरुजी म्हणू शकतात की मला १२ जूनला मिळाली, म्हणून माझी मुदत २७ पर्यंत. हे म्हणणं अगदीच फोल नाही. तेव्हा चेतनाने 'तुमचं चुकलं' असं ठासून म्हणू नये.

सहा_अ
वाद घालता येतो, मान्य. पण कार्यालयातल्या प्रतीवर तारीख ४ असते आणि तलाठी तीच संगणकात भरतो. मंडळ अधिकारी वीस तारखेला उघडून बघेल तेव्हा त्याला 'नोटीस बजावली, हरकत नाही' एवढंच दिसेल. तो नोंद करून मोकळा होईल. तुमचा वाद मग अपिलात. एका कागदाने जे होतं त्यासाठी अपील कशाला?

वहिवाट
व्यवहार म्हणून पटतं. कायदा म्हणून माझं म्हणणं तसंच आहे.

गिरणाकाठ
हा वाद गुरुजींच्या तोंडी घालतो. ते भांडतील, "माझ्या हातात बारा तारखेला आली!" म्हणून.

आता दुसरा प्रश्न. १८ च्या संध्याकाळी कळलं. १९ ला काय काय करायचं? पुतणी सुरतेत, एका दिवसात येऊन कागद करणं अवघड. पुरावा काही हातात नाही. वकील नाही.

सहा_अ
पुरावा नाही म्हणून थांबणं ही दुसरी मोठी चूक. ती तुम्ही गुरुजींकडून होता होता टाळा. हरकत मुदतीत पाहिजे; पुरावा सुनावणीला चालतो. कायद्यात तर हरकत तोंडी सांगितली तरी ती नोंदवून घेणं तलाठ्याचं काम आहे. विवादग्रस्त प्रकरणांची नोंदवही, नमुना ६-अ, तिच्यात ती घ्यायची आणि हरकतदाराला लगेच लेखी पोच द्यायची. हरकत खरी की खोटी हे तलाठ्याने ठरवायचं नाही. तरीही तोंडी सांगून येऊ नये. पोच नसली की काहीच नसतं.

एक पान पुरे. वर 'प्रति, ग्राम महसूल अधिकारी, सजा अमुक'. विषयात चार गोष्टी हव्यातच : गावाचं नाव, गट क्रमांक, फेरफार क्रमांक, आणि 'हरकत' हा शब्द. लोक 'विनंती अर्ज' लिहितात आणि तो इतर अर्जांच्या गठ्ठ्यात जातो. मजकूर पाच ओळींचा. मी या गटात सहधारक आहे. नोटीस घरी अमुक तारखेला आली. मयत भाऊ यांना पत्नी, दोन मुलगे आणि एक मुलगी असे चार वारस आहेत. फेरफारात मुलीचं नाव नाही. मुलीचं नाव दाखल केल्याशिवाय नोंद प्रमाणित करू नये आणि सुनावणीची नोटीस मला व तिला द्यावी. तिचा पूर्ण पत्ता खाली लिहायचा. पत्ता नसेल तर सुनावणीची नोटीस पुन्हा भावांच्याच घरी पडेल. सोबत मिळालेल्या नोटिशीची झेरॉक्स.

अर्ज दोन प्रतींत. दुसरीवर शिक्का, तारीख आणि सही घ्यायची. 'आप्पा ओळखीचा आहे, ठेवून घेतलं' हे चालत नाही. तो ठेवून घेतो, आणि मग बदली होते.

बांधावरून
तलाठी सापडेल का हा खरा प्रश्न. एकाकडे दोन-तीन गावं. आमच्या भागात बाजाराच्या दिवशी तो गावात बसतो, बाकी दिवस फोन करायचा.

सहा_अ
मग तुमच्या कथेला बाजाराचा गुरुवार आणखीच सोयीचा. नसता तर तालुक्याला तहसीलच्या आवक शाखेत हरकत द्यायची आणि आवक क्रमांक घ्यायचा. पोस्टाने शेवटच्या दिवशी टाकण्यात अर्थ नाही. मुदतीत तिकडे पोहोचायला हवी.

पांढरं_सोनं
पुतणीने सही करून फोटो व्हॉट्सअॅपवर पाठवला तर? प्रिंट काढून लावायची.

सहा_अ
फोटोची प्रिंट म्हणजे तिचा अर्ज नव्हे. लावली तर बिघडत काही नाही, पण तिच्यावर विसंबू नका. हरकत गुरुजींच्या नावाने, त्यांच्या सहीने. नोटीस त्यांना आली आहे म्हणजे कार्यालयाने त्यांना हितसंबंधित धरलेलंच आहे. पुतणी सुनावणीला स्वतः येईल.

वहिवाट
आणि खरं म्हणजे तिनेच यायला हवं. वारस ती आहे. सुनावणीत भावांनी म्हटलं, 'आम्हा भावा-बहिणीत काका कोण?', तर गुरुजी अवघडतील. तिथे तिने उभं राहून म्हणायचं की मी मुलगी आहे आणि मी हक्क सोडलेला नाही. हक्कसोड नोंदवलेल्या दस्तानेच होते; 'ताई काही मागत नाही' असं भावांनी प्रतिज्ञापत्रात लिहून होत नाही. हे वाक्य खान्देशात घरोघरी ऐकू येतं, कथेत घ्या.

रानमाळ
तिच्या मुलगी असण्याचा पुरावा काय लागतो?

सहा_अ
शाळा सोडल्याचा दाखला. त्यावर वडिलांचं नाव असतं. लग्नानंतर नाव बदललं असेल तर विवाह नोंदणीचा दाखला किंवा राजपत्र जोडतात. रेशन कार्डावर माहेरचं नाव जुन्या काळचं असेल तर तेही.

रानमाळ
थांबा. ती ज्या शाळेत शिकली तिथे मुख्याध्यापक कोण होते?

गिरणाकाठ
अरे देवा. गुरुजीच.

म्हणजे जनरल रजिस्टरमधली नोंद त्यांच्याच अक्षरात. नवीन दाखल्यावर सही आत्ताच्या मुख्याध्यापकांची असेल, पण मूळ ओळ गुरुजींची. आणि त्या वर्षी आपल्याकडे शाळा १६ जूनला उघडल्या, म्हणजे शाळेत माणूस असेल.

रानमाळ
ठेवा, पण एकाच वाक्यात. जास्त घोळलंत तर योगायोग वाटेल. चेतनाचं काय? तिला 'मिळाल्यापासून' हा शब्द खटकावा असं कारण हवं.

बांधावरून
दहावी झाली ना ती? त्या वर्षी अकरावीचे प्रवेश पहिल्यांदा सगळ्या राज्यात ऑनलाइन झाले. महिनाभर ती तारखांमध्येच जगत असेल. उत्पन्नाचा दाखला, नॉन-क्रिमिलेअर, सेतूत अर्ज टाकल्याची पावती. पावतीवरच्या तारखेपासून दिवस धरायचे हे तिला सेतूवाल्याने शिकवलेलं. पोरगी कागदाला सरावलेली आहे एवढं कळलं तरी पुरे.

गिरणाकाठ
हे छानच. दुरुस्त मसुदा टाकतो. जिजींच्या तोंडी अहिराणी घातली आहे, चुकली तर सांगा.

"'आबा, ही तुम्हाला कधी मिळाली?'

'बारा तारखेला. सत्तावीसपर्यंत वेळ आहे. पंचवीसला लिहीन मी निवांत.'

चेतनाने कागद उलटून पाहिला. मागची बाजू कोरी होती. 'तुम्हाला बाराला मिळाली. घरात कधी आली?'

'एकच झालं ते.'

'सेतूत एक नाही होत, आबा. पावती बाबांच्या हातात कधी पडली ते कोणी विचारत नाही.' तिने स्वयंपाकघराकडे मान वळवली. 'वैशाली काकू, कोतवाल दादा कधी आले होते?'

वैशालीचे हात पिठात होते. 'मला नाही बाई आठवत. वटपौर्णिमेच्या आदल्या आठवड्यात. बाजाराच्या आदल्या दिवशी बहुतेक, कारण घरात मिरची नव्हती.'

चेतनाने बोटं मोडली. बुधवार. चार. पाच तारखेला एक, सहाला दोन. पंधरावं बोट एकोणीसवर आलं. मग तिने मोबाइल काढला, गाव निवडलं, अक्षरं भरली आणि गट दोनशे सतरा येईपर्यंत अंगठ्याने पान वर ढकलत राहिली.

'माझ्या हातात बाराला पडली,' गुरुजी म्हणाले. आवाज वर्गातला होता. 'वाचणाऱ्याच्या हातात पडली म्हणजे मिळाली. पेपर गठ्ठ्यात असतो तेव्हा वेळ सुरू होत नाही.'

ओट्यावरून सुमनजिजी म्हणाल्या, 'गुर्जी, आज कोन्ता वार शे?'

'बुधवार.'

'मंग सकाय बजार शे. तलाठी आप्पा चावडीवर बशी. तुम्ही दोन्ही तठे जाईसन भांडा.'"

रानमाळ
'तठे जाईसन भांडा' आवडलं. "पंधरावं बोट" काढा. बोटं दहाच असतात, गणिताचा वाचक अडकेल. पेरं म्हणा.

सहा_अ
तलाठी कार्यालयात भांडायचं नाही एवढं जिजींना कुणीतरी सांगा. अर्जात 'नोटीस घरी ४ जूनला आली, मला १२ जूनला मिळाली' अशा दोन्ही तारखा लिहाव्यात. खोटं नाही, आणि वहिवाट यांचा मुद्दाही राखला जातो.

अजून एक. तुमच्या पुढच्या भागात तलाठी 'नमुना नऊ आणा' म्हणतो आणि गुरुजी पावती शोधतात, असं काही करू नका. नियमातला नमुना ९ म्हणजे ही नोटीस. गाव नमुना ९ म्हणजे पावती पुस्तक. खात्यातली माणसंही यात गोंधळतात. फक्त 'नोटीस' म्हणा. आणि २०२४ पासून पदनाम ग्राम महसूल अधिकारी झालं तरी संवादात तलाठी आप्पाच राहू द्या. अर्जावर नवं नाव लिहा.

गिरणाकाठ
पेरं केलं. दोन्ही तारखांचं वाक्य चेतना सांगते आणि गुरुजी लिहितात, असं घेतो. शुद्धलेखन ते तपासतील.

शेवट अजून पक्का नाही. सध्या असा आहे :

"तलाठ्याने दोन्ही प्रती पाहिल्या, एक ठेवली, दुसरी परत सरकवली. गुरुजी उठायला लागले.

'आबा, शिक्का,' चेतना म्हणाली.

तलाठ्याने शिक्का मारला. गुरुजींनी कागद घेतला, चष्मा वर केला. 'आप्पा, तारीख राहिली.'

त्याने तारीख घातली. १९/०६."

वहिवाट
सही?

गिरणाकाठ
तीही घालतो.

बांधावरून
सुनावणीचा भाग लिहिणार का? तिथे दोन्ही पुतणे समोर येतील. त्यांच्या बाजूनेही काहीतरी असेल. बहिणीच्या लग्नाचं कर्ज वगैरे.

वहिवाट
लग्नाच्या खर्चाने वारसा हक्क फिटत नाही.

बांधावरून
कायद्याने नाही फिटत. पण बाप गेल्यावर पहिल्या पेरणीला बी-बियाण्याचे पैसे कुणी काढले हेही कथेत यायला हवं.

गिरणाकाठ
हे माझ्याकडे अजून नाही. पुढच्या आठवड्यात टाकतो.